सभासद गेल्यावर सोसायटीतला फ्लॅट वारसांच्या नावावर कसा करायचा

घरातला माणूस गेल्यावर दिवसकार्य आटोपतं आणि पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी विषय काढतं: "फ्लॅट नावावर करून घ्यायला हवा ना?" मग सोसायटीच्या ऑफिसात एक चक्कर होते. सेक्रेटरी सांगतात, "नॉमिनेशन आहे ना, मग काही काळजी नाही." घरचे निश्चिंत होतात. अनेक कुटुंबांत प्रश्न इथूनच सुरू होतो आणि तो उघडकीला येतो दहा-बारा वर्षांनी, फ्लॅट विकायला काढल्यावर किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यावर.

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि अशा बदल्यांचे कागद हाताळत आलो आहे. एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. इथे दोन वेगळी कामं आहेत. एक, सोसायटीच्या दप्तरात सभासद म्हणून नाव लागणं. दुसरं, फ्लॅटची मालकी कायद्याने कुणाकडे गेली हे कागदावर येणं. पहिलं काम सोसायटी करते. दुसरं सोसायटीच्या हातात नाही, ते वारसा कायद्याने ठरतं आणि वारसांनी आपसात कागद करून पुरं करायचं असतं. पुढे लिहिलेलं सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. तुमची बिल्डिंग अपार्टमेंट असोसिएशन असेल आणि तुमच्याकडे 'डीड ऑफ अपार्टमेंट' असेल, तर शेअर सर्टिफिकेटचा भाग तुम्हाला लागू नाही, वारसांचा भाग मात्र तसाच लागू होतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. डोंबिवलीतला फ्लॅट, १९९८ साली वडिलांनी एकट्याच्या नावाने घेतलेला. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, लग्न होऊन कॅनडात स्थायिक झालेली मुलगी आणि ८४ वर्षांची आजी, म्हणजे वडिलांची आई. वडिलांनी २००५ मध्ये सोसायटीत मुलाच्या नावे नॉमिनेशन केलं होतं. आता सगळ्यांची इच्छा आहे की फ्लॅट आईच्या नावावर व्हावा. भांडण नाही, सगळे एकमताने आहेत. बहुतेक घरांत परिस्थिती अशीच असते.

पहिल्या महिन्यात: कागद गोळा करा, पण आधी नीट वाचा

महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढताना एकदम सात-आठ प्रती घ्या. बँक, एलआयसी, पेन्शन, सोसायटी, सगळीकडे लागतात. प्रती हातात आल्यावर तिथेच उभं राहून नाव तपासा. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि फ्लॅटच्या करारात आडनावाशिवाय नुसतं नाव-वडिलांचं नाव, असं फार वेळा होतं. दाखला ताजा असताना दुरुस्ती सोपी जाते. करारातलं नाव मात्र आता बदलता येत नाही, त्यासाठी पुढे "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

मग कपाटातून तीन गोष्टी शोधा: रजिस्टर झालेला मूळ करार, त्याचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा सारांश उतारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. करारात खरेदीदार म्हणून कोण कोण आहे ते स्वतः वाचा. पती-पत्नी दोघांच्या नावाने करार असेल, तर साधारणपणे पत्नीचा अर्धा हिस्सा तिचाच असतो आणि वारसांकडे जातो तो फक्त पतीचा अर्धा. याउलट कधी कधी शेअर सर्टिफिकेटवर पत्नीचं नाव दुसरं असतं, पण करारात ते नसतंच. अशा वेळी ती केवळ सहयोगी सभासद असते, मालक नव्हे. सर्टिफिकेटवरचं दुसरं नाव पाहून "आईचं नाव आहेच की" असं समजून लोक गाफील राहतात. मालकीचा आधार करार असतो, सर्टिफिकेट नाही.

शेअर सर्टिफिकेट उलटून पाहा. पुढच्या बाजूला पाच शेअर्स, प्रत्येकी ५० रुपये, एकूण २५० रुपये असं काहीसं छापलेलं असतं. मागच्या बाजूला रकाने असतात: बदलीची तारीख, सर्वसाधारण सभेचा किंवा कमिटीचा ठराव, ज्याच्या नावे बदली झाली त्याचं नाव, आणि शेवटी अध्यक्ष, सेक्रेटरी व एका कमिटी सदस्याच्या सह्यांची जागा. आपल्याला या रकान्यांत एक नवी ओळ भरून हवी आहे. फ्लॅटवर कर्ज असेल तर मूळ करार बँकेत असतो, तेव्हा बँकेलाही मृत्यूची खबर लगेच द्या. कर्जाला विमा जोडलेला आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.

त्यानंतर सोसायटीला एक साधं पत्र लिहा: सभासद अमुक तारखेला वारले, दाखल्याची प्रत सोबत, नॉमिनेशन रजिस्टरमध्ये काय नोंद आहे ते लेखी कळवावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच जपून ठेवा. ऑफिसात सेक्रेटरींनी तोंडी सांगितलेलं पुढच्या कमिटीच्या काळात कुणाला आठवत नाही.

मेंटेनन्सचं बिल मात्र थांबवू नका. बिल वडिलांच्याच नावाने येत राहील, ते भरत राहा. "नाव लागल्यावर एकदम भरू" असं म्हणणाऱ्यांच्या खात्यावर थकबाकी चढते आणि तिच्यावर उपविधींप्रमाणे सालिना २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. शिवाय थकबाकी हे कमिटीला अर्ज अडवून ठेवायला आयतं कारण मिळतं.

नॉमिनी म्हणजे कोण आणि कोण नाही

आपल्या उदाहरणात नॉमिनी मुलगा आहे. मग फ्लॅट त्याचा झाला का? नाही. नॉमिनी म्हणजे खरे वारस ठरेपर्यंत सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि त्यातल्या कलम १५४ब-१३ ने हे स्पष्ट करून टाकलं. सभासद वारल्यावर सोसायटीने नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. तो कुठपर्यंत? तर मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ज्यांचा हक्क आहे ते सभासद होईपर्यंत.

त्याआधी, २०१६ मध्ये, सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं होतं की नॉमिनेशन असेल तर सोसायटीने त्याप्रमाणे नाव लावलंच पाहिजे, मात्र इतर वारसांचा मालकीचा दावा त्याने बुडत नाही. दोन्ही एकत्र वाचलं की चित्र स्वच्छ होतं. मुलगा सोसायटीत उभा राहील, बिलं भरेल, पत्रव्यवहार करेल. पण तो एकटा फ्लॅट विकू शकत नाही. त्याने विकायचा प्रयत्न केला आणि नंतर बहीण कोर्टात गेली, तर घेणाराही अडकेल. म्हणूनच जाणकार वकील नुसतं नॉमिनीचं नाव असलेलं सर्टिफिकेट पाहून खरेदीला हिरवा कंदील दाखवत नाहीत.

नॉमिनीने सभासदाच्या मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत सोसायटीकडे अर्ज करायचा, असं आदर्श उपविधी सांगतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळखपत्रं आणि हमीपत्र, ज्याला सगळे इन्डेम्निटी बॉण्ड म्हणतात. त्यात तो लिहून देतो की उद्या कुणी वारस दावा घेऊन आला तर सोसायटीला त्याची तोशीस लागू देणार नाही. हा बॉण्ड हल्ली ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतात. एकाहून जास्त नॉमिनी असतील तर सगळ्यांनी मिळून अर्ज करायचा आणि मुख्य सभासद कोण हे त्यातच लिहायचं. सहा महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, पण अर्ज जितका उशिरा तितके कमिटीचे प्रश्न जास्त.

नॉमिनेशन नसेल तर

वडिलांनी नॉमिनेशन केलंच नसतं, तर मृत्यूची माहिती मिळाल्यापासून एका महिन्यात सोसायटीने दावे आणि हरकती मागवणारी नोटीस काढायची असते. ती सोसायटीच्या फलकावर लावायची आणि चांगला खप असलेल्या किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायची. जाहिरातीचा खर्च वारसांकडून वसूल होतो. मजकूर जाण्यापूर्वी मसुदा मागून घ्या. फ्लॅट नंबर, बिल्डिंगचं नाव आणि सभासदाचं नाव करारातल्यासारखंच छापलं गेलं पाहिजे. एका जाहिरातीत विंग चुकली तर सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. हरकतींची मुदत, बहुधा १४ किंवा १५ दिवसांची, संपल्यावर कमिटी विचार करते. वारस अनेक असतील तर सगळ्यांनी प्रतिज्ञापत्र करून सांगायचं की आमच्यापैकी अमुक एकाचं नाव लावावं. यानेही तात्पुरताच सभासद होतो, मालकीचं काम उरतंच.

वारस मोजताना आजीला विसरू नका

या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, कारण इथली चूक बऱ्याच वर्षांनी, आणि जवळच्या नात्यांतच, बाहेर येते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांत वाटली जाते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि वारलेल्या माणसाची आई येतात. सगळ्यांना सारखा हिस्सा. मुलगी लग्न झालेली असो, परदेशी असो, तिचा हिस्सा मुलाइतकाच. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्यांच्या जागी त्यांची मुलं येतात, आणि मुलगा वारला असेल तर त्याची विधवाही.

म्हणजे आपल्या घरात फ्लॅटचे चार भाग झाले: आई, मुलगा, मुलगी आणि आजी, प्रत्येकी पाव. सोसायटीच्या अर्जात मात्र बहुतेक जण तीनच नावं लिहितात. आजी गावाकडे असते किंवा काकांकडे राहते, तिचा काय संबंध, असं वाटतं. सोसायटीही विचारत नाही. तिघांचे कागद होतात, फ्लॅट आईच्या नावावर येतो.

पुढे आजी जाते. तिने मृत्युपत्र केलेलं नसतं. तिचा पाव हिस्सा आता तिच्या वारसांत वाटला जातो. समजा तिला चार मुलं होती: आपले वडील, दोन काका आणि एक आत्या. मग त्या पावाचे चार भाग होतात, म्हणजे प्रत्येक शाखेला फ्लॅटचा सोळावा हिस्सा. वडिलांच्या शाखेचा सोळावा भाग त्यांच्या मुलांना मिळतो, बाकीचे तीन सोळांश काका आणि आत्याकडे जातात. त्यांनी कधी मागितलं नाही, त्यांच्या मनातही नाही, पण रिडेव्हलपमेंटच्या वेळी बिल्डरचा वकील वारसांची यादी काढतो तेव्हा त्यांच्या सह्या लागतात. तोवर एखादे काकाही गेलेले असतात आणि त्यांच्या मुलांच्या सह्या लागतात. पन्नास वर्षं प्रेमाने राहिलेली भावंडं यापायी दुरावतात. म्हणून आजी आहे तोवर, तिला सगळं समजावून सांगून, तिच्या इच्छेने तिच्या हिश्श्याचा कागद करा. तिला हिस्सा ठेवायचा असेल तर तोही तिचा हक्क आहे; मग तिने मृत्युपत्र करावं.

बाई मृत्युपत्र न करता गेली असेल तर वेगळं कलम लागतं: आधी मुलगे, मुली आणि नवरा. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात, तेव्हा वर दिलेली विभागणी तिथे लावू नका.

हक्कसोडपत्र

सगळे वारस एकमताने असतील तर मालकी एकाकडे आणण्याचा सरळ रस्ता म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, रिलीज डीड. मुलगा, मुलगी आणि आजी आपापला पाव हिस्सा आईच्या लाभात सोडतात. आईचा स्वतःचा पाव धरून पूर्ण फ्लॅट तिचा होतो. हा कागद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रजिस्टर करावा लागतो. नोटरी केलेलं "ना हरकत" प्रतिज्ञापत्र पुरत नाही, कारण स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी लागते. सोसायट्या अशा प्रतिज्ञापत्रावर नाव लावून देतात, म्हणूनच लोकांना वाटतं की काम झालं.

मुद्रांक शुल्काची भीती बाळगू नका. जवळच्या नात्यातल्या हक्कसोडपत्राला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये बाजारभावाची टक्केवारी लागत नाही, ठरावीक रक्कम लागते. ती पूर्वी २०० रुपये होती, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाली. भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी, आणि या नात्यांचे वारस अशी ती यादी आहे. मुलांनी आईला हक्क सोडणं सरळ बसतं. आजीने सुनेच्या लाभात सोडणं मसुद्यात जपून लिहावं लागतं, कारण सून इथे येते ती वारलेल्या मुलाची वारस म्हणून. वकिलाने ते नातं आणि मृत्यूची तारीख कागदात स्पष्ट लिहावी. शंका असेल तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून शुल्काचा अभिनिर्णय करून घेता येतो, म्हणजे शुल्क नेमकं किती ते लेखी ठरवून घेता येतं. आणि हक्क सोडताना पैसे दिले-घेतले जात असतील, तर ते कागदात न लपवता आधी शुल्काचा सल्ला घ्या.

मसुद्यात वडिलांचं नाव करारातल्यासारखं, मृत्यूची तारीख, "यांच्याशिवाय दुसरे वारस नाहीत" हे विधान, प्रत्येकाचा हिस्सा अपूर्णांकात, फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक असू द्या. शेअर्सचा उल्लेख विसरला जातो आणि मग सोसायटी विचारते, फ्लॅट सोडला, शेअर्स कुठे सोडले?

नोंदणीच्या दिवशी सही करणारे सगळे, ओळख पटवणारे दोघे आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात. फोटो आणि अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतला जातो. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते चटकन घेत नाही, हे माहीत असलं की आजीला घेऊन जाताना सकाळची पहिली वेळ ठरवता येते. आजीला चालवत नसेल तर घरी येऊन नोंदणी करण्याची सोयही कायद्यात आहे, त्यासाठी कारणासह अर्ज आणि जादा फी द्यावी लागते.

मुलगी कॅनडातून लगेच येऊ शकत नसेल तर तिने कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं किंवा नोटरी करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यावं. कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. मुखत्यारपत्रात मोघम "सर्व व्यवहार" लिहू नका. "अमुक फ्लॅटमधला माझा पाव हिस्सा आईच्या लाभात विनामोबदला सोडण्याचं हक्कसोडपत्र सही करून नोंदणीला देणे" असं नेमकं लिहा. कागद महाराष्ट्रात हातात पडल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं; कुरिअरचं पाकीट तारखेचा पुरावा म्हणून ठेवा. आणि मुखत्यार म्हणून आईला नेमू नका. देणाऱ्याच्या वतीने आणि घेणाऱ्याच्या वतीने एकाच माणसाची सही आली की निबंधक कार्यालयात प्रश्न येतो. भावाला नेमा.

वारसांपैकी कुणी अठरा वर्षांच्या आतलं असेल तर इथेच थांबा. अज्ञानाचा हिस्सा त्याची आईसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडू शकत नाही. तशी सोड झाली तर मूल मोठं झाल्यावर ती रद्द करून घेऊ शकतं. अशा घरी मुलाचं नाव हिश्श्यासह राहू देणंच बरं.

मृत्युपत्र असेल, किंवा एकमत नसेल

मृत्युपत्र असेल तर सोसायटीला त्याची प्रत आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं द्या. मुंबईतल्या फ्लॅटसाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं कलम २१३ वगळलं गेलं आणि ही सक्ती उठली. अनेक कमिट्या अजून जुन्या सवयीने प्रोबेट मागतात, त्यांना ही दुरुस्ती दाखवा. मृत्युपत्रावर कुणी वारस आक्षेप घेत असेल तर मात्र कोर्टातून ते शाबीत करून घेण्याला पर्याय नाही.

एकमत नसेल तर सोसायटीने निवाडा करू नये आणि तुम्ही तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. कमिटीला दोन्ही बाजूंनी पत्रं लिहून काही निष्पन्न होत नाही. नॉमिनी तात्पुरता सभासद राहतो आणि वारस दिवाणी कोर्टात जातात. वारस कोण एवढाच प्रश्न असेल तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी कोर्टातून वारस प्रमाणपत्र मिळतं. हिस्सा पाडून हवा असेल तर वाटपाचा दावा करावा लागतो.

उलट बाजूही सांगतो. काही सोसायट्या भांडण नसतानाही कोर्टाच्या प्रमाणपत्राचा आग्रह धरतात. कलम १५४ब-१३ मध्ये मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त असे पर्याय "किंवा" घालून दिलेले आहेत. सगळ्या वारसांनी सही केलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तुमच्याकडे असेल तर हे कलम जोडून लेखी अर्ज करा.

सोसायटीत अंतिम बदली

आता आईचा सभासदत्वाचा अर्ज. सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि त्याचा इंडेक्स टू, आईचा इन्डेम्निटी बॉण्ड, तात्पुरता सभासद असलेल्या मुलाचं संमतीपत्र आणि मूळ शेअर सर्टिफिकेट. मूळ सर्टिफिकेट देताना त्याच्या क्रमांकासह पोच घ्या. प्रवेश फी १०० रुपये आणि हस्तांतर फी ५०० रुपये, एवढीच रक्कम सोसायटीला द्यायची. फ्लॅट विकताना जो प्रीमियम घेतात, ज्याची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, तो मृत्यूनंतर वारसांकडे होणाऱ्या बदलीला लागत नाही. बिल्डिंग फंड, ऐच्छिक देणगी अशा नावाखाली कुणी मागितला तर लेखी मागणी मागा. दुःखात असलेल्या घराकडून असे पैसे घेणं मला अतिशय चुकीचं वाटतं, आणि नियमातही ते बसत नाही.

कमिटीने तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो आणि नकार असेल तर कारणं लिहून द्यायची असतात. उत्तरच येत नसेल किंवा नकार पटत नसेल तर तुमच्या प्रभागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकाकडे जाता येतं. तिथे पोच असलेली पत्रंच उपयोगी पडतात.

ठराव झाल्यावर तीन गोष्टी पाहा. सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात आईचं नाव, ठरावाची तारीख आणि तिघांच्या सह्या. सभासदांच्या आय नमुन्यातल्या नोंदवहीत वडिलांचं सभासदत्व बंद झाल्याची नोंद आणि आईचं नवं पान. आणि जे नमुन्यातल्या यादीत आईचं नाव. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. पुढे बँक आणि खरेदीदार दोघेही ती मागतात.

सिडको किंवा म्हाडाची इमारत असेल तर सोसायटीच्या नोंदीने काम संपत नाही, त्यांच्या कार्यालयातही वारसाची नोंद लागते का ते आधीच विचारा. मालमत्ता कराचं बिल महापालिकेत आणि विजेचं बिल महावितरणमध्ये, सोसायटीचं पत्र आणि हक्कसोडपत्र जोडून बदलून घ्या. ही बिलं मालकी ठरवत नाहीत, पण ती वर्षानुवर्षं वारलेल्या माणसाच्या नावाने राहिली की प्रत्येक नव्या कामाला अडथळा होतो.

शेवटचं काम त्याच आठवड्यात उरका: आईचं नवं नॉमिनेशन. वडिलांनी केलेलं २००५ चं नॉमिनेशन त्यांच्याबरोबर संपलं, ते आईला लागू होत नाही. फॉर्म तीन प्रतींत भरून दोन साक्षीदारांच्या सह्यांसह सोसायटीला द्या. कमिटीच्या सभेत त्याची नोंद झाली की नॉमिनेशन रजिस्टरमध्ये ती चढते आणि एक प्रत सहीनिशी तुमच्याकडे परत येते. त्यासोबत आईने दोन साक्षीदारांसमोर साधं मृत्युपत्र केलं आणि जमल्यास ते रजिस्टर केलं, तर मुलगा आणि मुलगी यांना पुढच्या वेळी हक्कसोडपत्राची गरजच पडणार नाही.